एका ऑर्डरच्या तीन ओळी

(पडद्यावर: नॉर्थविंड डेटाबेस, ऑर्डर क्रमांक 10248)

नॉर्थविंड ही मायक्रोसॉफ्टच्या सरावाच्या डेटाबेसमधली, खाद्यपदार्थ विकणारी काल्पनिक कंपनी. तिची ही ऑर्डर जुलै 1996 ची. माल तीन प्रकारचा: 168 डॉलरचं केसो काब्रालेस चीज, 98 डॉलरच्या नूडल्स आणि 174 डॉलरचं मोझरेला. एकूण 440. वाहतूक खर्च 32.38, तोही संपूर्ण ऑर्डरवर एकदाच लावलेला.

आता मालकाने विचारलं, वाहतुकीवर किती गेले? ऑर्डरचं टेबल तिच्या ओळींच्या टेबलाशी जोडून बेरीज करू.

```sql
SELECT SUM(o.Freight)
FROM Orders o
JOIN [Order Details] d
  ON d.OrderID = o.OrderID
WHERE o.OrderID = 10248;
```

उत्तर येतं 97.14, म्हणजे बरोबर तिप्पट. ओळी तीन, म्हणून खर्चही तीनदा मोजला गेला. यात एरर येत नाही, आकडाही खरा वाटतो. म्हणूनच ही चूक महिनोन् महिने रिपोर्टमध्ये राहते.

रिपोर्टसाठी टेबलं अशी मांडतात: मधोमध आकड्यांचं फॅक्ट टेबल आणि भोवती त्या आकड्यांचं वर्णन करणारी डायमेन्शन टेबलं. ही रचना म्हणजे स्टार स्कीमा. ती बांधताना म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: मधल्या फॅक्ट टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? याला ग्रेन म्हणतात. इथे आपण ठरवलं, एका ऑर्डरमधली एक वस्तू म्हणजे एक ओळ. भोवती तारीख, वस्तू आणि ग्राहक यांची डायमेन्शन टेबलं. वर्गवारीचं वेगळं टेबल वस्तूच्या टेबलातच मिसळून टाकायचं.

मग ऑर्डरचा खर्च रकमेच्या प्रमाणात ओळींवर वाटायचा. चीजला 12.36, नूडल्सना 7.21, मोझरेलाला 12.80. बेरीज केली तर 32.37. एक सेंट कमी! तो सगळ्यात मोठ्या ओळीत टाकायचा, मोझरेलाचे 12.81 होतात. हिशेबनीस एका सेंटसाठीही अडून बसतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता दुग्धजन्य वर्गावर वाहतूक किती, हेही सांगता येतं: 25.17. मात्र हे प्रमाण आपण ठरवलेलं आहे. वजनाप्रमाणे वाटलं असतं तर आकडा बदलला असता.

(पडद्यावर: वस्तूंचं टेबल, केसो काब्रालेसची ओळ)

किंमत घेतानाही असाच घोळ होतो. वस्तूंच्या टेबलात या चीजचा भाव 21 आहे, पण ऑर्डरच्या ओळीत 14. बारा नग विकले, म्हणजे 168 डॉलर आले. वस्तूंच्या टेबलातला भाव लावला तर 252 दिसतील, जे कुणी दिलेच नाहीत. विक्रीची रक्कम नेहमी ऑर्डरच्या ओळीवरूनच घ्यायची.

ऑर्डर क्रमांक मात्र फॅक्ट टेबलातच ठेवायचा, त्याला वेगळं डायमेन्शन लागत नाही. ऑर्डरी किती हे मोजताना ओळी मोजल्या तर तीन येतील, म्हणून वेगवेगळे क्रमांक मोजायचे: `COUNT(DISTINCT order_id)`. इथे उत्तर एक.