जॉइनिंग एक महिना पुढं न्यायचंय, पण ऑफर हातची जायला नको

नमस्कार मंडळी. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं पर्सनल डिपार्टमेंटला होतो, आता त्याला एचआर म्हणतात, काम तेच. त्यामुळं नोकरी बदलताना कोणाचं काही अडलं की आमच्या गल्लीतली पोरं माझ्याच दारात येऊन बसतात. अलीकडं एकच प्रश्न फार येऊन राहिला, की काका ऑफर लेटर आलं, तारीख ठरली, आणि घरात असं काही झालं की महिनाभर निघता येत नाही, तर कंपनीला सांगू कसं, सांगितलं आणि ऑफरच गेली तर?

आधी एक गोष्ट कानात ठेवा. महिनाभर थांबायला कंपनीची सहसा ना नसते, कंपनीला भीती वेगळीच असते. तुम्ही महिना मागितला की एचआरवाल्याच्या मनात पहिला विचार येतो, हा दुसरीकडं इंटरव्ह्यू देऊन राहिला, नाहीतर जुन्या कंपनीनं पगार वाढवला म्हणून थांबला. मी स्वतः असाच विचार करायचो, कारण महिना मागणाऱ्यांपैकी बरेच जण नंतर आलेच नाहीत. मग तुमचं काम काय, तर ती शंका आधी काढून टाकायची. हे मी माझ्या भाचीच्या प्रकरणात अगदी जवळून पाहिलं, तेच सांगतो.

भाची बुटीबोरीला एका प्लांटमध्ये क्वालिटीला होती. पुण्याकडच्या, चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली, जॉइनिंग 3 मार्च. तिनं राजीनामा दिला, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड सुरू, शेवटचा दिवस 28 फेब्रुवारी. घरी संत्रा बर्फी वाटून झाली. आता हे माझं स्पष्ट मत आहे, ऑफर आली म्हणून बर्फी वाटू नका, पहिला पगार बँकेत पडला की वाटा, कारण एकदा वाटली की सगळ्या नंदनवन वस्तीला माहीत होतं आणि मग तारीख हलवायची म्हटलं की पोरीला लोक काय म्हणतील त्याचंच टेन्शन जास्त. असो.

तर 10 फेब्रुवारीला ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, 6 मार्च. गुडघा बदलायचा. घरी भाऊजी, त्यांना स्वतःला दोन जिने चढवत नाही, आणि मुलगा हैदराबादला. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे टाके निघायलाच साधारण दोन आठवडे, तोवर वॉकर, उठता-बसता माणूस लागतो, फिजिओथेरपीवाला रोज येणार. आता इथं थांबून एक बोलतोच, हैदराबादच्या मुलाला कोणी विचारलंच नाही की तू येतो का आठ दिवस. पोरगी आहे म्हणजे तीच करणार, हे आपण गृहीत धरतो, आणि हे मला पटत नाही, मी ताईला तसं बोललोही. शेवटी तो ऑपरेशनच्या वेळी चार दिवस आला.

भाचीनं पहिली चूक अशी केली की ती कंपनीशी बोललीच नाही, बोलली कन्सल्टंटशी, ज्यानं ही नोकरी मिळवून दिली होती. त्यानं काय सांगितलं, "मॅडम टेन्शन मत लो, मैं बात करता हूँ." आता कन्सल्टंटला त्याचे पैसे कधी मिळतात, तर माणूस जॉइन झाला की. त्यामुळं तारीख पुढं गेली की त्याचंही बिल पुढं जातं, तो तुमची बाजू कशाला जोर लावून मांडेल? त्यानं कंपनीला एवढंच कळवलं की कॅंडिडेट थोडा टाइम मागून राहिली. ना कारण, ना तारीख. झालं, तिकडून दुसऱ्या दिवशी एचआरचा कोरडा मेल, आपण जॉइन होणार आहात की नाही ते उद्यापर्यंत कळवा.

रात्री नऊला पोरगी माझ्याकडं, डोळे लाल. "मामा, मी सांगूनच टाकते की 3 तारखेला येते म्हणून, आईचं बघू कसंतरी." मी म्हटलं, थांब बाप्पा, असं घाईनं हो म्हणू नको आणि आजारपण लपवूही नको. आणि मग आम्ही बसून ठरवलं.

सकाळी साडेदहाला तिनं फोन केला, एचआरला नाही, तर ज्यानं इंटरव्ह्यू घेतला, ज्याच्या हाताखाली काम करायचं होतं त्या मॅनेजरला. माणूस पाहिजे असतो तो त्याला, एचआरला फक्त कागद पूर्ण करायचे असतात. तिनं सांगितलं, सर, मला ही नोकरी करायचीच आहे, माझा राजीनामा मंजूर झालाय, 28 फेब्रुवारीला मी इथून सुटते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन 6 मार्चला आहे, मी 3 मार्चऐवजी 3 एप्रिलला आले तर चालेल का? बस. रडणं नाही, घरची सगळी कहाणी नाही. एक कारण, एक तारीख.

मॅनेजर भला माणूस होता, म्हणाला आईचं आधी बघा, पण 3 एप्रिल जमणार नाही. का, तर ही जागा यंदाच्या बजेटमधली होती, 31 मार्चच्या आत माणूस जॉइन झाला नाही तर पुढच्या वर्षात ती जागा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागेल, आणि ती मिळेलच याची त्याला खात्री नाही. हे बघा, हे पोरीला आधी माहीत असायचं काही कारणच नव्हतं. म्हणून तारीख मागताना लगेच हेही विचारायचं की तुमच्याकडं अशी काही अडचण आहे का, ज्याच्या पुढं जाताच येत नाही. फेब्रुवारी-मार्चात तर नक्कीच विचारा. काही ठिकाणी ट्रेनिंगची बॅच ठरलेली असते, एक चुकली की पुढची दोन महिन्यांनी, मग महिना मागून उपयोगच नाही.

तर ते 27 मार्चवर आले. ऑपरेशननंतर बरोबर तीन आठवडे. उरलेल्या दिवसांसाठी भाऊजींची बहीण यवतमाळहून यायला तयार झाली.

मग त्याच दिवशी मेल, एचआरला, मॅनेजरला कॉपी. इंग्रजीत लिहिला, पण मजकूर असा होता, कान देऊन ऐका: आपल्या ऑफरमध्ये जॉइनिंग 3 मार्च आहे, आईच्या 6 मार्चच्या ऑपरेशनमुळं मी 27 मार्चला जॉइन होण्याची परवानगी मागते, सरांशी आज यावर बोलणं झालंय, सोबत राजीनामा मंजुरीचं पत्र आणि हॉस्पिटलचं तारखेचं पत्र जोडलंय, व्हेरिफिकेशनचे आणि बाकीचे कागद मी याच आठवड्यात पूर्ण करून देते, कृपया नवीन तारखेचं सुधारित पत्र द्यावं. सहा ओळी. हॉस्पिटलच्या पत्रातला आजाराचा तपशील तिनं झाकला, तो कंपनीला लागत नाही, तारीख लागते.

यातला खरा जीव कशात होता, तर राजीनामा मंजुरीच्या पत्रात. मी परत सांगतो, राजीनामा मंजुरीचं पत्र. त्यानं एचआरला दिसलं की ही पोरगी जुन्या जागी थांबत नाहीये. आणि कागद आधी पूर्ण करून देते म्हटल्यावर दुसरीकडं ऑफर शोधत असेल ही शंकाही गेली.

संध्याकाळी एचआरच्या मॅडमचा फोन, हो हो, चालेल, काळजी करू नका. पोरगी खूश. मी म्हटलं, लेखी आलं का? नाही. ऑफर लेटर काढ, वाच. त्यात स्वच्छ लिहिलेलं, ठरलेल्या तारखेला रुजू न झाल्यास ही ऑफर आपोआप रद्द समजावी. फोनवरच्या हो-हो नं ते वाक्य खोडलं जात नाही, मंडळी. उद्या त्या मॅडमच नोकरी सोडून गेल्या तर? दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी नम्र आठवण, आणि मग सुधारित पत्र आलं. तरीही कंपनीच्या पोर्टलवर 3 मार्चच दिसत होतं, तिथून 28 फेब्रुवारीला मेल आला की सोमवारी सकाळी नऊला गेटवर या. तिनं लगेच कळवलं, त्यांनी तारीख बदलली, तेव्हा कुठं हे प्रकरण मिटलं. पत्र बदललं तरी पोर्टल बघा, ते वेगळ्या माणसाच्या हातात असतं.

आता ज्यांनी अजून राजीनामा दिलाच नाही त्यांचं काम सोपं आहे, आधी नवीन तारीख लेखी घ्या, मगच राजीनामा टाका. आणि जुन्या कंपनीत शेवटचा दिवस थोडा पुढं नेता येतो का तेही विचारा, कारण कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशी संपतो, त्यात आईवडील असतील आणि ऑपरेशन त्याच पॉलिसीवर करायचं असेल तर हा फरक लाखांचा आहे. ताईची पॉलिसी स्वतःची होती म्हणून निभावलं.

पैशाचंही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या महिन्याचा पगार हिशोब पूर्ण होईपर्यंत अडकवून ठेवतात, आणि नव्या कंपनीत महिना संपता-संपता जॉइन झालं की ते चार दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात येतात. भाचीच्या खात्यात मार्चमध्ये एक रुपया आला नाही, खोलीचं डिपॉझिट मी दिलं, तिनं जूनमध्ये परत केलं.

आणि कंपनी नाहीच म्हणाली तर? मग महिन्याऐवजी दोन आठवडे मागा, किंवा तारखेला जॉइन होऊन आठ-दहा दिवस बिनपगारी सुट्टी मिळेल का ते आधी लेखी विचारा. काहीच जमत नसेल आणि घरीही जमत नसेल, तर मात्र जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसू नका, तसं स्पष्ट कळवून मोकळे व्हा. आमच्याकडं एका मुलानं असं कळवलं होतं, आठ महिन्यांनी जागा निघाली तेव्हा मी स्वतः त्याचा नंबर शोधून फोन केला.

वेळ झाली. ताई आता वॉकरशिवाय शंकरनगरच्या बाजारात जाऊन येते, पोरगी चाकणला आहे. नमस्कार.