मिसळीचा फोटो खरा की उसना?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, नाशिकमधल्या एका हॉटेलच्या नावाखाली तुम्हाला एक रिव्ह्यू दिसतो. पाच तारे, ‘अप्रतिम मिसळ’ एवढे दोनच शब्द आणि सोबत झणझणीत तर्रीचा फोटो. हा फोटो त्याच टेबलावर काढलेला आहे, इंटरनेटवरून उचललेला आहे की संगणकाने बनवलेला आहे, हे कसं ओळखायचं, ते आज पाहू.

सुरुवात शोधापासून करा. फोटोवर टिचकी मारून तो पूर्ण आकारात उघडा आणि मगच त्याचा स्क्रीनशॉट घ्या. लहान चौकटीतल्या फोटोत बारकावे उरत नाहीत. हा स्क्रीनशॉट गूगल लेन्सला दिलात, तर ते शेकडो मिसळी समोर आणून ठेवेल, कारण लांबून सगळ्या मिसळी सारख्याच दिसतात. त्या ‘सारख्या’ फोटोंकडे लक्ष देऊ नका. ‘एक्झॅक्ट मॅचेस’ हा भाग उघडा, तिथे तोच फोटो आणखी कुठे आहे ते दिसतं. काही सापडलं नाही, तर फोटो कापून पुन्हा शोधा. पण मिसळीचा तुकडा देऊ नका. ताटलीच्या काठाचा टवका, टेबलाच्या सनमायकाची नक्षी, मागची खुर्ची, असं काहीतरी वेगळेपण असलेला तुकडा द्या.

तरीही हाती काही लागलं नाही, तर फोटो आडवा उलटा करून पाहा, म्हणजे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. उचललेला फोटो असा उलटवला की टिनआयसारखं शोधयंत्र सहज चकतं. फोटोत पाण्याच्या बाटलीवरची किंवा मेनूकार्डावरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी असतील, तर शंकाच नको. टिनआयवर सर्वांत जुनी नोंद आधी दाखवायची सोय आहे. मात्र तिथली तारीख म्हणजे त्या यंत्राला फोटो पहिल्यांदा दिसला तो दिवस. फोटो काढला गेला तो दिवस त्याहून जुना असू शकतो.

जुना फोटो सापडला की तो कुणाचा आहे ते पाहा. त्याच हॉटेलच्या स्वतःच्या पानावर तो असेल, तर निदान पदार्थ तिथलाच असण्याची शक्यता मोठी; फक्त रिव्ह्यू लिहिणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही. तो फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर असेल, तर गोष्ट वेगळी.

कुठेच काही सापडलं नाही, तर बनावटीकडे वळा. रंग आणि चकाकीवरून निकाल देऊ नका. हल्लीचे मोबाइलही खरा फोटो इतका गुळगुळीत करतात की तो खोटा वाटावा. त्यापेक्षा वस्तू एकमेकींना जिथे भिडतात त्या जागा पाहा. शेवेची एक काडी बोटाने धरल्यासारखी डोळ्यांनी धरा आणि टोकापर्यंत जा. खरी काडी कुठेतरी तुटते किंवा दुसरीखाली जाते. बनावट फोटोत ती मध्येच दुसरीत विरघळते, कधी कांद्याचा तुकडाच होऊन जाते. खऱ्या मिसळीत तर्रीत बुडालेली शेव भिजून गडद होते आणि वरची कोरडी राहते. बनावट फोटोत सगळी शेव सारखीच कोरडी, जणू रश्श्यावर तरंगते आहे.

पावही बोलतो. लादी पाव भट्टीत एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून वरून तपकिरी आणि जिथून ओढून सुटे केले त्या बाजूंना पांढरे, जाळीदार. चारही बाजूंनी गोल, तुकतुकीत तपकिरी पाव दिसला की थांबा. अर्थात काही हॉटेलं सुटे गोल पाव देतात आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइसही येतात, तेव्हा एवढ्यावरून फोटोला खोटं ठरवू नका. मग स्टीलच्या वाटीचा काठ पाहा. शेजारचा पाव तिच्यावर वाकडातिकडा का होईना, उमटायला हवा.

फोटोच्या फाइलमधली कॅमेऱ्याची माहिती तपासा, असं अनेकजण सुचवतात. इथे तिचा उपयोग थोडाच. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती गळून जाते आणि स्क्रीनशॉटमध्ये मूळ माहिती येतच नाही. तेव्हा ती नसणं हा कशाचाच पुरावा नाही.

शेवटची तपासणी सर्वांत सोपी आहे, आणि बहुतेकजण तीच विसरतात. नकाशावर त्याच हॉटेलचे इतर ग्राहकांनी टाकलेले दहा-पंधरा फोटो उघडा. ताटल्या, वाट्या, टेबल, फरशी जुळते का? दहा फोटोंत स्टीलची ताटं आणि एकाच फोटोत मातीची वाटी, लाकडी पाट आणि मागे धूसर बाग असेल, तर तो फोटो तिथला नसण्याचीच शक्यता जास्त. पण हॉटेलने भांडी बदललेली असू शकतात, म्हणून फोटोंच्या तारखाही बघून घ्या.

खात्री पटली, तर फोटोवरच्या तीन ठिपक्यांतून तक्रार करता येते. मूळ फोटोचा दुवा आधी जपून ठेवा. नंतर कुणी पुरावा विचारला, तर तोच दाखवावा लागेल.