‘एम’ या अक्षराच्या शेजारी काय लिहिलंय?

नमस्कार श्रोतेहो.

सिडकोत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा गेल्या महिन्यात फोन आला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चौदा वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला ‘एल्डन रिंग’ नावाचा गेम हवा होता. ती म्हणाली, “दादा, मी डब्याचा फोटो पाहिला. त्यावर सतरा वर्षं असं लिहिलंय. हे पोर चौदाचं. त्याला नाही म्हणून टाकू का? तुला यातलं कळतं, तू सांग.”

मी तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस, त्याच फोटोत त्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. आज मला त्या बारीक अक्षरांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या बाजारात येणाऱ्या मोठ्या गेमवर बहुधा परदेशी लेबल असतं. कधी अमेरिकेचं, ईएसआरबी या मंडळाचं, जे 1994 पासून काम करतंय. कधी युरोपचं, पेगी नावाचं, ते 2003 पासून. अमेरिकेच्या लेबलावर एक ठळक अक्षर असतं. ‘टी’ म्हणजे तेरा आणि पुढे, ‘एम’ म्हणजे सतरा आणि पुढे. चौदा वर्षांचं मूल नेमकं या दोन अक्षरांच्या मधल्या जागेत असतं, म्हणून वाद याच वयाच्या घरांत जास्त होतात. त्या अक्षराच्या शेजारी किंवा डब्याच्या मागच्या बाजूला चार-पाच शब्दप्रयोग लिहिलेले असतात. त्यांना कंटेंट डिस्क्रिप्टर म्हणतात. आत काय आहे, ते हे शब्द सांगतात. अक्षर फक्त या सगळ्याचा एकत्रित निकाल देतं. निकाल ऐकून घरातला निर्णय घ्यायचा असेल, तर तो कशावरून लागला हे आधी कळायला हवं.

बहिणीनं वाचून दाखवलं. ब्लड अँड गोर, लँग्वेज, सजेस्टिव्ह थीम्स, व्हायोलन्स. तिला वाटलं, ‘ब्लड’ पहिलं आहे म्हणजे तेच सगळ्यात वाईट असणार. तसं नसतं. हे शब्द इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं लावलेले असतात. पहिला शब्द जास्त गंभीर आणि शेवटचा कमी, असा अर्थ त्यातून काढायचा नाही. वजन क्रमात नसतं, ते शब्दाच्या आधी लागलेल्या विशेषणात असतं. नुसतं ‘व्हायोलन्स’ म्हणजे मारामारी आहे. ‘इंटेन्स व्हायोलन्स’ म्हणजे ती खऱ्यासारखी दिसणारी आहे, माणसाला झालेली जखम आणि मरण स्पष्ट दाखवणारी. नुसतं ‘लँग्वेज’ म्हणजे शिव्या बेताच्या. ‘स्ट्राँग लँग्वेज’ म्हणजे उघड किंवा वारंवार. ‘सजेस्टिव्ह थीम्स’ म्हणजे सूचक बोलणं किंवा कपडे. ‘सेक्शुअल कंटेंट’ त्याच्या वरची पायरी, आणि ‘स्ट्राँग सेक्शुअल कंटेंट’ त्याहून वरची.

आता याच ‘एम’ अक्षराचा दुसरा एक गेम शेजारी ठेवू. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’, ज्याला मुलं जीटीए म्हणतात. वर्गातल्या एका तरी मुलाच्या घरी तो असतोच. त्याच्या लेबलावर काय आहे ऐका. ब्लड अँड गोर, इंटेन्स व्हायोलन्स, मॅच्युअर ह्यूमर, न्यूडिटी, स्ट्राँग लँग्वेज, स्ट्राँग सेक्शुअल कंटेंट, यूज ऑफ ड्रग्ज अँड अल्कोहोल. दोन्ही डब्यांवर अक्षर एकच. पण सामाईक शब्द फक्त ‘ब्लड अँड गोर’. व्हायोलन्सला ‘इंटेन्स’ लागलंय, लँग्वेजला ‘स्ट्राँग’ लागलंय, आणि प्रौढांचे विनोद, नग्नता, लैंगिक दृश्यं, नशा हे चार विषय नव्यानं आलेत. जो आई-बाप फक्त ‘एम’ पाहून दोन्हींना नाही म्हणतो, त्याला हा फरक दिसलेलाच नसतो. आणि एकदा ‘एम’ला हो म्हटलं की पुढच्या प्रत्येक ‘एम’ला हो म्हणणाऱ्यालाही तो दिसलेला नसतो. मला या दुसऱ्या पालकाची काळजी जास्त वाटते.

युरोपचं लेबल इथं साक्षीदारासारखं उपयोगी पडतं. पेगीनं ‘एल्डन रिंग’ला 16 दिलंय आणि जीटीएला 18. पेगीचा 18 हा आकडा हिंसेच्या बाबतीत तेव्हा लागतो, जेव्हा ती अतिशय क्रूर असते, विनाकारण असते किंवा निराधार माणसांवर होते. दोन मंडळांची मोजपट्टी वेगळी असते. ती दोन्ही एखाद्या गेमवर कडक असतील, तर माझ्या दृष्टीनं तो गेम चौदाव्या वर्षी घरात आणायला फार मोठं कारण लागेल. एक कडक आणि एक थोडं सैल असेल, तर अजून वाचायला जागा आहे.

वाचायचं कुठं? ईएसआरबीच्या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकलं की बऱ्याच गेमच्या खाली एक परिच्छेद येतो, त्याला रेटिंग समरी म्हणतात. खेळणारा कोण, हातात कुठली शस्त्रं, रक्त कुठं आणि किती, कुठल्या प्रकारच्या शिव्या, हे त्यात साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे. इंग्रजी अडलं तर मुलालाच वाचून समजावून द्यायला सांगा. मी भाच्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं. अवघडलेल्या जागी तो कुठं थांबतो, कुठं भरभर पुढं जातो, यावरूनही आईला बरंच कळलं.

पण डिस्क्रिप्टरना मर्यादा आहेत, आणि त्या मला तुमच्यापासून लपवायच्या नाहीत. हे चार शब्द म्हणजे गेममधल्या सगळ्या गोष्टींची यादी नव्हे, असं मंडळ स्वतःच सांगतं. ‘ब्लड अँड गोर’ म्हटलं, पण रक्त कुणाचं? ‘एल्डन रिंग’मध्ये ते मुख्यतः राक्षसांचं, चिलखत घातलेल्या सैनिकांचं असतं. तलवारीचा घाव बसला की रक्ताचा फवारा उडतो, प्रेत पडतं आणि पुष्कळदा नाहीसं होतं. जीटीएमध्ये एक प्रसंग असा आहे की एका बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ खेळणाऱ्याला स्वतः करायचा असतो. हत्यार निवडायचं, बटण दाबायचं. असा प्रसंग पडद्यावर पाहणं वेगळं आणि तो आपल्या हातानं घडवणं वेगळं. हा फरक ‘इंटेन्स व्हायोलन्स’ या दोन शब्दांत मावत नाही. म्हणून मी प्रत्येक पालकाला विचारतो, इथं मारणारा हात कुणाचा आहे, आणि समोरचा लढतोय की बांधलेला आहे?

दुसरी मर्यादा भीतीची. पेगीकडे भीतीसाठी वेगळं चिन्ह आहे. अमेरिकेच्या यादीत नुसत्या भीतीसाठी शब्द नाही. आणि ‘एल्डन रिंग’मध्ये माझ्या मते रक्तापेक्षा किळस जास्त आहे. गेम सुरू होताच अनेक हात चिकटवलेला एक प्राणी समोर येतो आणि बहुतेक जण त्याच्याकडून मरतात. पुढं गॉड्रिक नावाचा एक सरदार आहे, त्यानं दुसऱ्यांचे हात कापून स्वतःच्या अंगाला जोडून घेतलेत. लढाईच्या मध्यावर तो स्वतःचा हात तोडतो आणि त्या जागी मेलेल्या ड्रॅगनचं मुंडकं बसवतो. आणखी पुढं माणसाच्या पंजासारखे, बोटांवर चालणारे प्रचंड कोळी आहेत. एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला यात काहीच वाटणार नाही. एखाद्याला आठवडाभर झोप लागणार नाही. लेबल लावणाऱ्यानं तुमचं मूल पाहिलेलं नाही, ते तुम्ही पाहिलंय.

त्यासाठी मी बहिणीला एक काम दिलं. जाहिरातीचा ट्रेलर पाहायचा नाही, कारण तो विकण्यासाठी कापलेला असतो. यूट्यूबवर कुणीतरी बोलणं न घालता सलग खेळलेला व्हिडिओ लावायचा आणि गॉड्रिकची लढाई मुलासोबत बसून पाहायची. तिनं पाहिली. ती म्हणाली, “मला शिसारी आली, हा मात्र चाल कशी चुकवायची तेच सांगत होता.” मग तिनं त्याला विचारलं, लहानपणी कुठल्या गोष्टीनं तुझी झोप उडाली होती ते आठवतंय का? त्याला आठवलं, आणि ते असल्या राक्षसांबद्दलचं नव्हतं.

तिसरी गोष्ट इतर खेळाडूंची. लेबलाच्या तळाशी ‘यूजर्स इंटरॅक्ट’ असं वेगळं लिहिलेलं असतं. म्हणजे अनोळखी माणसं या गेममध्ये भेटू शकतात, आणि त्यांच्या वागण्याला कुठलंही रेटिंग नसतं. ‘एल्डन रिंग’मध्ये हे तुलनेनं सौम्य आहे. गेमच्या आत बोलायचा चॅट नाही, जमिनीवर सोडायचे संदेश ठरावीक शब्दांतूनच बनतात, आणि सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ऑफलाइन सुरू होईल असं ठेवता येतं. जीटीएची ऑनलाइन बाजू म्हणजे अनोळखी लोकांचं आख्खं शहर आहे. प्लेस्टेशनवर आई-बापाच्या खात्यातून मुलाच्या खात्याला वयाची मर्यादा घालता येते, आणि ती तशीच ठेवून एखाद्याच गेमला अपवादाची परवानगी देता येते. ही सोय बऱ्याच घरांत कुणी वापरत नाही. मुलगा एका गेमसाठी हट्ट धरतो आणि बाप वैतागून मर्यादाच काढून टाकतो. मग दारच उघडं.

एक बारीक गोष्ट कुठल्याच लेबलावर नसते, पण घरात भांडण तिच्यावरूनच होतं. ‘एल्डन रिंग’मध्ये मेनू उघडला तरी खेळ थांबत नाही. समोर शत्रू असताना आईनं “पानं वाढलीत” अशी हाक मारली, तर मुलाला खरंच लगेच उठता येत नाही. बाहेर पडता येतं, गेम स्वतः सेव्ह करतो, पण मोठ्या शत्रूशी चाललेली लढाई पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय सोपं-अवघड निवडायची सोय नाही, त्यामुळे एकाच जागी तीस-चाळीस वेळा मरणं नेहमीचं. चिडका मुलगा असेल तर मी रक्तापेक्षा याचा विचार आधी करीन.

बहिणीनं आणि मेव्हण्यांनी शेवटी ‘एल्डन रिंग’ला हो म्हटलं. खेळायचं हॉलमध्ये, दार लावून खोलीत नाही. ऑफलाइन. जेवणाच्या अर्धा तास आधी मोठी लढाई सुरू करायची नाही. खात्याची वयोमर्यादा जशीच्या तशी, फक्त या एका गेमला परवानगी.

पंधरा दिवसांत अपेक्षित प्रश्न आला. भाचा म्हणाला, “आई, तोही एम, हाही एम. मग जीटीए का नाही?” तिनं दोन्ही लेबलं वहीत शेजारीशेजारी लिहायला लावली आणि जीटीएच्या रकान्यातल्या एकेका शब्दापुढे त्यानं स्वतः लिहायचं, हे मला का चालेल. दोन-तीन ठिकाणी त्यानं लिहिलं. ‘स्ट्राँग सेक्शुअल कंटेंट’पाशी पेन थांबलं. आईनं वही मिटली नाही, ती आजही त्यांच्या टीव्हीखाली आहे, आणि तो सोळाचा झाला की ती पुन्हा काढायची असं दोघांत ठरलंय.

नमस्कार.