दागिना सोन्याचा की चांदीचा हे नंतर, त्याची दांडी कशाची ते आधी पाहा

नमस्कार. नवरात्र जवळ आले की माझ्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो: "ताई, ऑक्सिडाइज्ड कानातले घातले की कान सुजतात, लस येते, मग गरब्याला घालायचे तरी काय?" त्यामागोमाग दुसरा प्रश्न असतो, की सोन्याचे पाणी दिलेली ठुशी दोन महिन्यांत काळी का पडली. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, परंतु त्यांचे उत्तर बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी आहे, आणि आज मी तेवढेच सांगणार आहे.

प्राथमिक गोष्टी पटकन आटोपते. अत्तर आधी आणि दागिना नंतर, आंघोळीला जाताना दागिना काढायचा, घामाने भिजलेला दागिना मऊ कापडाने पुसून हवाबंद पिशवीत ठेवायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्वचेवर हिरवा डाग पडला तर घाबरू नका. तो तांब्याचा आहे, साबणाने जातो आणि त्याला खाज नसते. आपल्याला बोलायचे आहे ते खाज सुटणाऱ्या, पुरळ उठणाऱ्या प्रकाराविषयी.

त्याचे सर्वांत मोठे कारण निकेल हा धातू आहे. घामातले क्षार दागिन्यातले निकेल हळूहळू विरघळवतात, ते त्वचेत शिरते आणि शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखू लागते. एकदा ही ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर राहते. त्यातली फसवी बाब अशी, की पुरळ लगेच उठत नाही. बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. त्यामुळे शनिवारी घातलेल्या झुमक्यांचा दोष सोमवारी लावलेल्या क्रीमवर जातो. तुमच्या बेंबीखाली, जीन्सच्या बटणाच्या जागी कधी खाजरा चट्टा आला असेल, तर कानांच्या त्रासाचे कारणही निकेल असण्याची शक्यता बरीच आहे.

आता माझ्या रागाचा विषय: जर्मन सिल्व्हर. हे नाव ऐकून लोक तो चांदीचाच एक प्रकार समजतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, आणि त्याचा पांढरा रंग येतो तो निकेलमुळेच. म्हणजे ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांनी ज्या धातूपासून सर्वांत लांब राहायला हवे, तोच धातू चांदीच्या नावाने त्यांच्या कानात जातो. एका प्रेक्षक भगिनीने लिहिले होते, "मी लोहचुंबक लावून पाहिले, चिकटले नाही, म्हणजे निकेल नाही ना?" दुर्दैवाने तसे नाही. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते, परंतु जर्मन सिल्व्हरमधले निकेल तांब्यात मिसळलेले असल्यामुळे चिकटत नाही. चुंबकाची परीक्षा येथे निरुपयोगी आहे.

ऑक्सिडाइज्ड हे धातूचे नाव नाही, ते रंगाचे नाव आहे. खऱ्या चांदीवर गंधकयुक्त रसायनाने मुद्दाम काळपटपणा आणतात आणि उठावाचा भाग घासून उजळ करतात, म्हणजे नक्षी खुलते. बाजारात साडेतीनशे रुपयांना मिळणारा ऑक्सिडाइज्ड संच मात्र बहुधा पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असतो. दुकानात "ऑक्सिडाइज्ड आहे का?" असे विचारून काहीच कळत नाही. "खालचा धातू कोणता?" असे विचारावे लागते.

सोन्याच्या मुलाम्याचीही तीच गोष्ट, फक्त एक पायरी अधिक. पितळेवर थेट सोने चढवले तर पितळेतले तांबे हळूहळू वर झिरपते आणि चकाकी मंदावते. म्हणून अनेक कारागीर मध्ये निकेलचा थर देतात. त्याने तांबे अडते आणि झळाळीही येते. स्वस्त दागिन्यावरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतकाही असू शकतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. कानाच्या दांडीवर, ठुशीच्या मागच्या बाजूला, बांगडीच्या आतल्या कडेला, म्हणजे नेमका जेथे घाम आणि घर्षण असते तेथे, हा थर प्रथम जातो आणि निकेल उघडे पडते. "वन ग्रॅम गोल्ड" या नावात त्या दागिन्यात एक ग्रॅम सोने असल्याची कोणतीही हमी नाही, हेही येथेच नोंदवते.

हे मी स्वतःच्या दागिन्यांवर तपासून पाहिले आहे. निकेल ओळखण्यासाठी दोन द्रवांचा एक साधा संच मिळतो. एकात डायमिथाइलग्लायॉक्सिम असते, दुसऱ्यात अमोनिया. कापसाच्या काडीवर दोन्हींचा एकेक थेंब घ्यायचा आणि दागिन्यावर अर्धा मिनिट चोळायचे. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटत आहे. नव्या कोऱ्या ठुशीवर मी ही परीक्षा केली तेव्हा कापूस पांढराच राहिला आणि मी निर्धास्त झाले. चार महिन्यांनी, तीन लग्ने आणि एक डोहाळजेवण पार पडल्यावर, तीच ठुशी पुन्हा तपासली. पुढचे मणी अजून पिवळेधमक होते, परंतु मानेला घासणाऱ्या मागच्या कडीवर कापूस स्पष्ट गुलाबी झाला. पुरळही तेथेच होते, मानेच्या मागे, रुपयाच्या नाण्याएवढे. म्हणून नव्या दागिन्याची परीक्षा एकदा करून थांबू नका. मुलामा झिजल्यावर ती पुन्हा करा. ज्यांना आधीच तीव्र त्रास आहे, त्यांना कापूस गुलाबी न होताही त्रास होऊ शकतो, एवढी या परीक्षेची मर्यादाही लक्षात घ्या.

आता तीच गोष्ट मी दुसऱ्या बाजूने सांगते, कारण टिप्पण्यांत तिच्यावरच सर्वाधिक गोंधळ असतो. दागिना किती मोठा आहे याला महत्त्व नाही, त्वचेला त्याचा कोणता भाग टेकतो याला आहे. झुमक्याची घुमटी हवेत लोंबते. कानाच्या छिद्रातून जाते ती फक्त दांडी, आणि पाळीला मागून चिकटून बसते ती फिरकी. युरोपीय संघाचा नियमही असाच विचार करतो. दागिन्यात निकेल किती आहे यापेक्षा त्वचेवर किती सुटते हे तेथे मोजतात, आणि टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागासाठीची मर्यादा इतर दागिन्यांपेक्षा कडक आहे: दर आठवड्याला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम, तर इतरांसाठी ०.५.

आपल्या आज्यांना हे नियम ठाऊक नव्हते, तरी बाळाचे कान टोचताना सोनार सोन्याचीच तार घालत असे. नव्या छिद्राची जखम ओली असताना निकेल आत गेले तर ॲलर्जी जडण्याचा धोका सर्वाधिक असतो. तेव्हा मुलीचे कान टोचून आठच दिवस झाले असताना तिला खेळण्यातले चमचमते कानातले घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या बाजूने, म्हणजे खरेदीच्या वेळी. "निकेल-फ्री आहे का?" या प्रश्नाला प्रत्येक दुकानदार हो म्हणतो, म्हणून मी तो विचारणे सोडून दिले आहे. मी विचारते, "दांडी कशाची आहे, आणि ती बदलून मिळेल का?" मागच्या वर्षी घेतलेल्या जर्मन सिल्व्हरच्या झुमक्यांचे मी हेच केले. ओळखीच्या सोनारकाकांकडे गेले आणि मूळ हूक कापून चांदीचे बसवून घेतले. काकांनी भिंग लावले, हूक पाहिले आणि म्हणाले, "बाई, एवढ्या हलक्या मालाला चांदी?" मी म्हटले, "काका, माल हलका असेल, पण कान माझे आहेत."

ज्यांना चांदीही नको, त्यांच्यासाठी टायटॅनियमची दांडी उत्तम. सर्जिकल स्टीलविषयी मात्र सावध असा. त्यात निकेल असतेच, फक्त ते घट्ट धरून ठेवलेले असते, त्यामुळे बहुतेकांना चालते, सर्वांना नाही. दांडीवर पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय एका संध्याकाळीपुरता आहे. तो थर लवकर निघतो.

चांदी विकत घेताना केवळ ९२५ असा ठसा पुरेसा मानू नका, कारण ठसा कोणीही मारू शकतो. सप्टेंबर २०२५ पासून चांदीसाठीही हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला आहे. तो असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. आणि न काळवंडणारी चांदी मागू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडतेच, त्यात दुकानदाराची फसवणूक नाही. ९२५ चांदीतला उरलेला साडेसात टक्के भाग सहसा तांब्याचा असतो, त्यामुळे ती बहुतेकांच्या त्वचेला सोसते. सोनेरी रंगच हवा असेल तर चांदीवर सोन्याचे जाड पाणी दिलेला दागिना घ्या. अमेरिकेत अशा दागिन्याला वर्मेल म्हणवून घ्यायचे तर सोन्याचा थर अडीच मायक्रॉनचा असावा लागतो, म्हणून आपणही दुकानात मायक्रॉनचा आकडा विचारायला हरकत नाही. मुलामा झिजला तरी खाली चांदीच निघते. मात्र चांदी आणि सोने यांच्यामध्ये निकेलचा थर दिलेला नाही ना, हेही तेव्हाच विचारून घ्या.

शेवटी माझ्या फजितीची एक कबुली, कारण अनेकांनी साफसफाईची कृती मागितली आहे. ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांत काळी पडलेली चांदी लखलखीत होते, हे खरे आहे. त्या भरात मी आईने दिलेले ऑक्सिडाइज्ड चांदीचे पैंजण त्याच पाण्यात बुडवले. ती कृती चांदीवरचा गंधकाचा काळा थर काढते, आणि ऑक्सिडाइज्ड दागिन्याची सारी नक्षी त्या काळ्या थरानेच उठून दिसत असते. पाच मिनिटांनी माझ्या हातात सपाट, पांढरेफटक पैंजण आले, मोर कोठे आणि वेल कोठे हे बोटाने चाचपूनच कळत होते. ते पुन्हा काळे करून आणायला सोनारकाकांनी तीन दिवस घेतले, आणि आईला मी अजून सांगितलेले नाही. आई, तू हा व्हिडिओ पाहत असशील, तर संध्याकाळी बोलू.