शर्टाचा रंग आणि हनुवटीखालची सावली

मंडळी, आज एकाच अडचणीबद्दल बोलतो. संगणकावर शर्टाचा रंग बदलून पाहिला, झकास दिसला. मग त्याच रंगाचा शर्ट आणला, घातला, फोटो काढला, आणि चेहरा मात्र मरगळलेला आला. असं का होतं?

आपल्या इंदूरच्याच एका सीए मुलीचं उदाहरण घेतो. वर्ण गव्हाळ, मागे ऑफिसची फिकट राखाडी भिंत. पहिला फोटो मी नेहमी मध्यम राखाडी, बिनचमकीच्या शर्टात काढतो. पांढऱ्या कापडात उजेडाच्या जागा पार पांढऱ्या होतात, काळ्यात चुण्या बुडतात, आणि जे फोटोत आलंच नाही त्यावर रंग चढवून खरं कापड दिसत नाही. राखाडीत चुण्या आणि सावल्या दोन्ही टिकतात.

मग फोटोशॉपमध्ये शर्ट निवडून मास्क करायचा. खांद्याशी थोडं ओबडधोबड चालेल, पण कॉलर आणि मान जिथे भेटतात तिथे नाही. तिथे राखाडी कड राहिली की नजर फसते. त्यावर Solid Color चा थर, ब्लेंड मोड Color. बहुतेक लोक फसतात ते इथे. हा मोड फक्त रंगछटा आणि रंगाचा भडकपणा बदलतो. उजळपणा खालच्या शर्टाचाच राहतो. म्हणून राखाडीवर नेव्ही ब्लू टाकला की नेव्ही येत नाही, धुवट निळा येतो. ‘नेव्ही मला शोभत नाही’ असं म्हणणाऱ्याने कित्येकदा नेव्ही पाहिलेलाच नसतो. रंगाच्या थराखाली, त्याच मास्कवर, Curves चा थर ठेवून शर्ट आधी तेवढा काळोखा करा, मग रंग चढवा.

आता फोटो कृष्णधवल करून पाहा. Info पॅनेल Lab वर ठेवलं की L हा आकडा उजळपणा सांगतो, 0 म्हणजे काळं, 100 म्हणजे पांढरं. तिच्या गालाचा L साधारण 58, भिंतीचा 68. बदामी शर्ट 70 च्या आसपास गेला आणि खांदे भिंतीत विरघळले. मोहरी रंग उजळपणात गालाजवळ होताच, शिवाय त्याची छटाही त्वचेच्या नारिंगी-पिवळ्या घराण्यातली, म्हणून मान कुठे संपते ते कळेना. नेव्ही, वाइन आणि बाटली हिरवा तिन्ही 20 ते 30 मध्ये राहिले आणि चेहरा स्वच्छ सुटून आला. चित्र प्रोफाइलच्या गोलाएवढं लहान केलं तरी ते टिकले. इथपर्यंत प्रिव्ह्यूवर माझा पूर्ण भरवसा आहे.

यापुढे नाही. कारण प्रिव्ह्यूत बदलतो तो फक्त शर्ट. चेहऱ्याचा एकही पिक्सेल हलत नाही. खरं कापड मात्र स्वतःचा रंग जबड्याखाली आणि मानेवर उधळतं. तुम्ही जो चेहरा पाहताय त्यावर अजून राखाडी शर्टाचाच उजेड आहे. कापड जितकं उजळ आणि भडक, तितकी ही उधळण जास्त. पोपटी कापड गव्हाळ मानेवर हिरवट झाक आणतं, आणि आजारी माणसाचा फोटो वाटतो.

म्हणून उरलेल्या रंगांचे अर्धा-अर्धा मीटर तुकडे एम. टी. क्लॉथ मार्केटमधून आणावेत. शर्टाच्याच जातीचं कापड घ्या, चकाकणारं सॅटिन नको. त्याच उजेडात, गळ्याशी कापड पसरून, प्रत्येकाचा एक फोटो. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही कुलूपबंद हवेत. ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा कापडाचा रंग पाहून सगळ्या चेहऱ्याचाच रंग फिरवतो आणि तुलना वाया जाते.

मग कपाळ सोडा, जबड्याखाली बघा. Lab मधला a तिथे वाचा. तो वाढला तर लालीकडे, घटला तर हिरव्याकडे. या मुलीच्या बाबतीत राखाडी शर्टात तिथे 14 होता. बाटली हिरव्याने तो 11 वर आणला. गडद असल्यामुळे फार नाही, पण मानेतली लाली गेली. वाइनने 16 वर नेला आणि सावलीत ऊब आली. नेव्हीने a जवळपास जागच्या जागी ठेवला, पण खालून काहीच उजेड परत न आल्याने हनुवटीखालची सावली दाट झाली.

तिने वाइन घेतला. ऑफिसला नेव्हीच हवा असता तर फ्रेमच्या खाली, छातीच्या उंचीवर, थर्माकोलचा पांढरा पत्रा आडवा धरला असता. त्याने ती सावली भरून निघते आणि नेव्ही नेव्हीच राहतो.