दोन ओळी सारख्या झाल्या की निकाल लागल्यासारखा का वाटतो?

[कॅमेऱ्यासमोर]

मनाच्या श्लोकांमधला दुसरा श्लोक घेऊ. बहुतेकांना तो पाठ असतो, म्हणून त्याचा शेवटचा अर्धा भागच स्क्रीनवर आणतो.

[स्क्रीनवर]
जनी निंद्य ते सर्व सोडूनि द्यावे
जनी वंद्य ते सर्व भावे करावे

लोक ज्याला नावं ठेवतात ते सोडा, लोक ज्याला मान देतात ते मनापासून करा. रामदासांनी इथे कारण दिलेलं नाही, दाखला दिलेला नाही, देवाची शपथही घातलेली नाही. तरी ओळी संपतात तेव्हा प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. हे वाटणं कुठून येतं ते शोधायचं असेल तर अर्थ जरा बाजूला ठेवून अक्षरं मोजावी लागतात.

वृत्त भुजंगप्रयात. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकलं असेल, तर त्यातला पहिला गण आठवा: य, म्हणजे लघु, गुरू, गुरू. असे चार य गण, एका ओळीत बारा अक्षरं. म्हणून बघा: जनीनिं, द्यतेसर्, वसोडू, निद्यावे. दुसरी ओळ: जनीवं, द्यतेसर्, वभावे, करावे. जिथे पहिल्या ओळीत लघु आहे तिथेच दुसऱ्या ओळीत लघु आहे. वृत्तामुळे हे आपोआप होतं, त्यात रामदासांचं वेगळं कौतुक नाही.

कौतुक पुढे आहे.

[स्क्रीनवर: दोन्ही ओळींची पहिली सात अक्षरं एकाखाली एक, तिसरं अक्षर लाल]

पहिल्या सात अक्षरांपैकी सहा अगदी तीच आहेत. बदललंय फक्त तिसरं: निं आणि वं. दोन्ही गुरू, दोन्हींवर अनुस्वार, दोन्हींच्या पुढे तेच ‘द्य’. म्हणजे बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकच अक्षर उलटवलंय आणि अर्थ या टोकापासून त्या टोकाला गेलाय. मग उरलेली पाच अक्षरं काम सांगतात, सोडून द्या किंवा करा, आणि दोन्ही ओळी ‘वे’वर टेकतात. जुळलेल्या भागामुळे कानाला खात्री पटते की दोन्ही बाजू एकाच मापाने मोजल्या गेल्या. तराजूची पारडी सारखी असली की वजनावर विश्वास बसतो, तसंच हे.

आता असा जोड आपण स्वतः बांधून बघू. कुठे काय बिघडतं ते बांधतानाच कळतं.

विचार अगदी साधा घेऊ: कमी बोलणारा माणूस शहाणा असतो आणि जास्त बोलणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. गद्यात हे एक मत आहे, त्यावर कुणीही म्हणेल, ‘असं काही नाही हो.’ पहिली ओळ भुजंगप्रयातात बसवू.

[स्क्रीनवर]
कमी बोलतो तो शहाणा गणावा

कमीबो, लतोतो, शहाणा, गणावा. बारा अक्षरं, चार य गण, ओळ बसली. आता दुसरी ओळ घाईत लिहिली तर साधारण अशी होते:

[स्क्रीनवर]
बडबड करणाऱ्याला वेडा म्हणतात

अर्थ तोच आहे, पण जोड मोडला. वृत्त गेलं हे तर दिसतंच. त्याहून मोठी अडचण वाक्यरचनेची आहे. पहिल्या ओळीत ‘जो बोलतो तो’ असा कर्ता आहे, दुसरीत तो ‘करणाऱ्याला’ झाला. पहिलीत आज्ञा आहे, दुसरीत लोक काय म्हणतात त्याची बातमी. वृत्त न मोडतासुद्धा एवढी चूक केली, तरी जोड ढिला पडतो. म्हणून लिहिताना आधी वाक्याचा सांगाडा उचलायचा, शब्द नंतर बदलायचे. सांगाडा असा: ‘… बोलतो तो … गणावा’. रिकाम्या जागा दोनच.

[स्क्रीनवर]
कमी बोलतो तो शहाणा गणावा
बहू बोलतो तो दरिद्री गणावा

दुसऱ्या ओळीचे गण मोजा: बहूबो, लतोतो, दरिद्री, गणावा. ‘द्री’च्या जोडाक्षरामुळे आधीचा ‘रि’ गुरू झाला, वृत्त चोख. तरीही काहीतरी खटकतं. कारण ‘कमी’च्या समोर ‘बहू’ आहे, पण ‘शहाणा’च्या समोर ‘दरिद्री’ बसत नाही. एकाचं माप अकलेचं, दुसऱ्याचं पैशाचं. नवशिक्यांच्या सुविचारांत ही चूक सर्रास दिसते, आणि ती सहसा यमक गाठायच्या नादात होते. इथे तर यमकही हुकलंय, कारण शेवटी दोन्हीकडे तोच ‘गणावा’ आहे आणि त्याच्या आधीचे शब्द जुळत नाहीत. तोच शब्द दोन्ही ओळींच्या शेवटी ठेवायचा असेल, तर यमक एक घर मागे सरकवावं लागतं:

[स्क्रीनवर]
कमी बोलतो तो शहाणा गणावा
बहू बोलतो तो दिवाणा गणावा

शहाणा, दिवाणा. आता विरोध सरळ आहे, सांगाडा एक आहे, यमकही आलं. शाळेच्या फळ्यावर लिहून टाका, कुणी हरकत घेणार नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. दोन शब्दांची अदलाबदल करू.

[स्क्रीनवर]
बहू बोलतो तो शहाणा गणावा
कमी बोलतो तो दिवाणा गणावा

हेही पटतं! मोकळेपणी बोलणारा बरा, घुम्या माणसाच्या पोटात काय असतं देव जाणे, असं स्पष्टीकरण आपणच मनातल्या मनात जोडून टाकतो. दोन्ही जोड एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, पण कान दोन्हींना सारखीच मान डोलावतो. म्हणजे मघाशी जी खात्री वाटली तिचा बराचसा भाग मजकुरातून आलेलाच नव्हता, तो बांधणीतून आला होता.

याची चाचणी मानसशास्त्रज्ञांनीही घेतली आहे. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका टोफिघबख्श यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अपरिचित इंग्रजी म्हणी दिल्या. काही यमकाच्या, आणि त्याच अर्थाच्या, पण यमक मोडलेल्या काही. ही म्हण माणसांच्या वागण्याचं किती अचूक वर्णन करते, असं विचारल्यावर यमकाच्या म्हणींना जास्त अचूक ठरवलं गेलं. पण शब्दांची सजावट आणि म्हणणं वेगळं ठेवून विचार करा असं आधी बजावलं, तर हा फरक घटला. अभ्यास यमकाचा होता, समतोल ओळींचा नव्हता, एवढं लक्षात ठेवून तो वापरायचा.

आपल्या जोडातलं आणखी एक अक्षरसुद्धा वाया गेलेलं नाही. ‘गणावा’च्या जागी ‘असावा’ घाला. मात्रा त्याच, लघु गुरू गुरू.

[स्क्रीनवर]
कमी बोलतो तो शहाणा असावा
बहू बोलतो तो दिवाणा असावा

एकदम आवाज खाली आला ना? रूप दोन्हीकडे विध्यर्थच आहे, पण ‘गणावा’मध्ये कर्तव्य आहे आणि ‘असावा’मध्ये तर्क. हा आता शेजाऱ्याबद्दलचा अंदाज झाला. म्हणजे निवाड्याचा सूर एकट्या समतोलातून येत नाही, शेवटचं क्रियापद हुकूम देत असेल तरच तो भरतो. रामदासांच्या जोडात द्यावे, करावे हेच काम करतात.

आता रामदासांवरही अदलाबदलीचा प्रयोग करू. ‘जनी निंद्य ते सर्व भावे करावे’. वृत्तात बसतं, पण ऐकताच हसू येतं. आपला जोड उलटवल्यावर टिकला, हा टिकत नाही, कारण ‘निंद्य’ या शब्दात ‘हे वाईट’ हा निकाल आधीच भरलेला आहे. वाईट ते सोडा, चांगलं ते करा, यावर वाद कसला घालणार?

वाद घालण्याजोगी गोष्ट त्या दोन ओळींत आहे, फक्त ती लाल अक्षरात नाही. ती आहे ‘जनी’मध्ये. निंद्य कोणी ठरवलं? लोकांनी. वंद्य कोणी ठरवलं? लोकांनी. ‘जनी’ दोन्ही ओळींत आहे, त्याच जागी आहे, म्हणून नजर त्यावरून घसरून जाते. नजर बदलणाऱ्या अक्षरावर खिळते आणि गृहीतक न बदलणाऱ्या शब्दात बसून राहतं. आपल्या जोडाचंही तसंच: कमी की बहू, शहाणा की दिवाणा, यात आपण गुंततो आणि माणूस किती बोलतो यावरून त्याची अक्कल ठरवायचीच कशाला, हे विचारायचं राहून जातं. म्हणून समतोल ओळ तपासताना बदललेले शब्द झाका आणि उरलेलं वाचा. ‘जनी … ते सर्व …’. ‘सर्व’सुद्धा त्यातच सापडला बघा.

अर्थात रामदास सगळीकडे इतकी घट्ट जोडणी करत नाहीत. पाचव्या श्लोकाची सुरुवात पाहा.

[स्क्रीनवर]
मना पापसंकल्प सोडूनि द्यावा
मना सत्यसंकल्प जीवी धरावा

सांगाडा तोच: आधी सोडायचं, मग धरायचं. पण पापाच्या समोर पुण्य नाही, सत्य आहे. ‘पुण्यसंकल्प’ वृत्तात बिनचूक बसला असता, ‘पुण्’ गुरू आणि ‘य’ लघु. म्हणजे ही वृत्ताची सक्ती नव्हे. ‘शहाणा’ आणि ‘दरिद्री’मध्ये विरोध तुटला होता, इथे तो किंचित तिरपा केलाय, आणि त्या तिरकेपणामुळे ऐकणारा क्षणभर थांबतो: पापाच्या उलट सत्य कसं? माझ्या मते दुसऱ्या श्लोकातल्या जोडापेक्षा हा जोड वरचढ आहे. पाठ व्हायला दोन्ही सारखेच सोपे, पण विचार करायला हा जास्त भाग पाडतो.

आणि लोकांचं मत हाच विषय असताना समतोल टाळला तर काय होतं, त्यासाठी तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगातली एक ओवी पाहू.

[स्क्रीनवर]
सत्य असत्यासी मन केले ग्वाही ।
मानियेले नाही बहुमता ॥

मोठा अभंग. सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चारच अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, ग्वाही आणि नाही. सत्य आणि असत्य हा विरोध पहिल्या सहा अक्षरांतच आटोपला, दोन ओळींत समोरासमोर बसवलाच नाही. क्रियापदंही ‘करावे’ची नाहीत, ‘केले’ आणि ‘मानियेले नाही’ आहेत: मी असं केलं, एवढंच. आणि ज्या शब्दाला ओवीत यमकाची जोडी नाही, जो चरण दोन अक्षरांनी आखूड आहे, तिथेच नेमका ‘बहुमता’ आहे.