पाच-दहा आणि पहिला राउंड

[पहाटे साडेपाच. शाळेचं मैदान, फक्कीने आखलेला चारशे मीटरचा ट्रॅक. कडेला दुचाकीच्या हेडलाइटचा उजेड.]

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना विचारा, टार्गेट काय? सगळ्यांचं उत्तर एकच. पाच-दहा. सोळाशे मीटर धावायला पाच मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात आलात तर धावण्याचे वीसच्या वीस गुण. सेकंद वाढत गेले की गुण टप्प्याटप्प्याने उतरतात. मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. ती निघाली की लेखी परीक्षा, १०० गुणांची. म्हणजे याच पोरांना सकाळी धावायचं आहे आणि दुपारी शेकडेवारीची गणितं सोडवायची आहेत.

या मैदानावरचा एक मुलगा पहिल्या दिवशी सरांना म्हणाला होता, "पाच-दहा मारणार, सर." आवाज खणखणीत होता. सरांनी त्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर वेळा लिहिल्या होत्या: सहा मिनिटं, पाच-पन्नास, पाच-चाळीस, पाच-तीस, पाच-दहा. प्रत्येकीसमोर शून्य ते शंभरमधला एक आकडा लिहायचा. आज धावलास तर या वेळेत येशील, याची तुला स्वतःला किती खात्री आहे? पाच-दहासमोर मुलाने लिहिलं, १०.

"मारणार, सर" आणि हा १०, यांच्यात जे अंतर आहे, त्याबद्दल आपण बोलणार आहोत.

[कागदाचा क्लोजअप. मग काळा पडदा.]

एखादं विशिष्ट काम आपल्याला जमेल की नाही, याचा माणूस स्वतःशी एक अंदाज बांधत असतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली त्याची सविस्तर मांडणी केली. त्याला स्वक्षमतेवरचा विश्वास म्हणू. आपण एरवी ज्याला आत्मविश्वास म्हणतो, तो हा नव्हे. चारचौघांत धीटपणे बोलणारा मुलगा चौथ्या राउंडला मनातून खचलेला असू शकतो. हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. तो कशाने वाढतो? बांडुरांनी चार वाटा सांगितल्या. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, शरीराची त्या वेळची अवस्था, आणि या सगळ्यांहून भारी अशी चौथी वाट: आपण स्वतः ते करून दाखवलेलं असणं. "तुला जमेल रे" हे सरांनी शंभर वेळा सांगितलं, तरी पोराच्या मनातला १० फार तर १५ होईल.

मग लांबचं टार्गेट आणि हा विश्वास यांची सांगड कशी घालायची? त्यासाठी १९८१ सालचा एक प्रयोग पाहायला हवा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात शिकवण्याची सामग्री बदललीच नव्हती.

बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत मागे पडलेली, गणिताचा कंटाळा असलेली ४० लहान मुलं घेतली. वय साधारण आठ वर्षं. हातच्याची वजाबाकी शिकवणारी ४२ पानं त्यांना दिली आणि ती सात बैठकांत स्वतःची स्वतः सोडवायला सांगितली. एका गटाला सुचवलं, रोज सहा पानं करा. दुसऱ्याला सुचवलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं पूर्ण करा. तिसऱ्याला कसलंच ध्येय दिलं नाही. चौथ्या गटाला ही पानं दिलीच नाहीत. सहा सत्ते बेचाळीस. म्हणजे पहिल्या दोन गटांचं काम तेच आणि तेवढंच होतं.

तरीही रोज सहा पानं करणारी मुलं वजाबाकीत पुढे निघाली. आपल्याला हे जमतं, हा त्यांचा अंदाज वाढला. पुढे कुणी सांगितलं नसतानाही ती जास्त वजाबाक्या सोडवू लागली. आणि ४२ पानांचं ध्येय मिळालेली मुलं? कसलंच ध्येय नसलेल्या मुलांपेक्षा ती फारशी वेगळी ठरली नाहीत.

याचं कारण असं. सहा पानं झाली की मुलाला त्याच दिवशी पुरावा मिळतो: ठरवलं होतं, झालं. बेचाळीसवाल्यालाही सहा पानं झाली तर दिसतं काय? अजून छत्तीस राहिलीत. काम सारखंच, पण एकाला त्यातून जमल्याची नोंद मिळते आणि दुसऱ्याला उरल्याची.

[मैदान. स्टॉपवॉच. सरांची वही.]

आता पुन्हा आपल्या मुलाकडे येऊ. पहिल्या चाचणीत त्याला सहा मिनिटं पाच सेकंद लागले. पाच-दहापासून पंचावन्न सेकंद लांब. सरांनी मात्र एकूण वेळेखाली चार राउंडच्या वेळा सुट्या लिहून ठेवल्या होत्या: ७६, ९०, १००, ९९.

या चार आकड्यांवर थोडं थांबू. पाच-दहा म्हणजे ३१० सेकंद. त्याचे चार भाग केले की एका राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद मिळतात. मुलाने पहिला राउंड ७६ मध्ये मारला. म्हणजे तो पाच-दहाच्या चालीने, किंबहुना त्याहून जोरात सुटला होता. टार्गेट डोक्यात घेऊन पळाला आणि त्या टार्गेटनेच त्याला तिसऱ्या राउंडला मोडलं. शिवाय अशी प्रत्येक चाचणी त्याच्या मनात एकच गोष्ट लिहून जाते: मला जमत नाही.

सरांनी पुढच्या चाचणीसाठी दिलेलं ध्येय ऐकून मुलगा नाराज झाला. "पहिला राउंड शहाऐंशीच्या आत यायचा नाही. बाकी काही बघू नकोस."

"सर, सगळे पुढं निघून जातील."

"जाऊ देत. तू फक्त पहिला राउंड सांभाळ."

या ध्येयात दोन गुण आहेत. एक, ते पूर्णपणे मुलाच्या हातात आहे. त्यासाठी दम वाढायची वाट पाहावी लागत नाही. दुसरा, ते पूर्ण झालं की नाही हे दीड मिनिटात कळतं. सरांनी खात्रीचा आकडा विचारला, मुलगा म्हणाला ९०. चाचणीतले राउंड आले ८७, ९०, ९१, ८८. एकूण पाच मिनिटं छप्पन्न सेकंद. नऊ सेकंद कमी झाले ते दम वाढून नव्हे, चाल बसल्यामुळे. शेवटच्या राउंडला त्याने आयुष्यात पहिल्यांदा दोघांना मागे टाकलं.

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस चारशे मीटरचे सहा फेरे, प्रत्येकी ८४ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या दिवशी पाच जमले, सहावा सुटला. पुढच्या आठवड्यात सहाही जमले. एक रविवार सोडून चाचणी: पाच-एकोणपन्नास, मग पाच-त्रेचाळीस. आणि त्यानंतर एकदम पाच-अठ्ठावन्न.

अशा दिवशी प्रशिक्षक काय करतो, यावर बरंच ठरतं. "होतं असं, सोडून दे" म्हणालो, तर मुलगा मनात स्वतःचं कारण तयार करतो, आणि ते बहुधा "माझी लायकीच नाही" हेच असतं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी वही त्याच्यापुढे धरली: ८०, ९१, ९६, ९१. "कुठं गेलं, तूच सांग." मुलाने पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी तो वेगवान पोरांच्या बॅचमध्ये उभा होता, त्यांच्याबरोबर सुटला होता. कारण सापडलं आणि ते दुरुस्त करता येण्याजोगं होतं. पुढची चाचणी पाच-अडतीस.

[दुपार. वर्गखोली. फळ्यावर नफा-तोटा.]

लेखीच्या वर्गातही हीच गोष्ट, पण इथे आणखी एक अडचण दिसते. याच मुलाचं लेखीचं टार्गेट होतं ऐंशी गुण. "ऐंशी" ऐकून आज दुपारी नेमकं काय करायचं, हे कळत नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जवळपास चार हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींना कोर्समधल्या गुणांचं ध्येय ठरवायला सांगितलं, काहींना सराव परीक्षा किती सोडवणार याचं. गुणांच्या ध्येयाचा फारसा परिणाम दिसला नाही. सराव परीक्षांचं ध्येय ठरवणाऱ्यांनी सराव जास्त केला आणि त्यांचे गुणही वाढले.

पण सराव कशाचा करायचा? त्यासाठी इथल्या मॅडम बांडुरा-शंक यांच्या प्रयोगातलीच एक युक्ती वापरतात. त्या प्रयोगात मुलांना वजाबाक्या दोन-दोन सेकंदच दाखवत. सोडवायला वेळच नाही. जमेल याची किती खात्री, एवढंच सांगायचं. मॅडम गणित क्षणभर दाखवतात, मुलगा आकडा लिहितो, आणि सगळं झाल्यावर तीच गणितं त्याला सोडवायला देतात. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवायचे.

या मुलाने शेकडेवारीसमोर सरासरी ३० लिहिलं आणि दहापैकी सात बरोबर आणली. नफा-तोट्यासमोर ८० लिहिलं आणि दहापैकी तीनच बरोबर आली. "गणित येत नाही" या एका वाक्यामागे दोन वेगळी दुखणी होती. शेकडेवारीत तो स्वतःला कमी लेखत होता. तिथे शिकवण्यापेक्षा त्याचीच सात बरोबर उत्तरं त्याला दाखवायची गरज होती. नफा-तोट्यात तो निश्चिंत होता आणि चुकत होता.

[वहीचं पान.]

एक वस्तू ७२० रुपयांना विकल्यावर २० टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती? मुलाचं उत्तर ५७६. खात्री ९०. त्याने ७२० चे वीस टक्के काढून वजा केले. पण नफा खरेदी किमतीवर मोजतात. खरेदी शंभर धरली तर विक्री एकशे वीस, म्हणून ७२० ला खरेदी ६००. अशी चूक असलेल्या मुलाला "तू हुशार आहेस" म्हणून सोडून देणं घातक आहे. खात्री नुसती वाढवत नेली की तयारी ढिली पडू शकते. जेफ्री व्हँकूव्हर यांनी मास्टरमाइंड नावाच्या कोड्याच्या खेळावर केलेल्या प्रयोगांत असंच दिसलं. स्वतःवरचा विश्वास वाढला की पुढच्या डावात चुका होण्याचा संभव वाढत होता.

म्हणून मॅडमनी दोन वेगळी ध्येयं दिली. नफा-तोट्याची रोज पंधरा गणितं, चुकलेलं प्रत्येक गणित वहीत उतरवून दोन दिवसांनी पुन्हा. शेकडेवारीची रोज पाचच, पण घड्याळ लावून. लेखीला १०० गुण आणि दीड तास, तेव्हा ज्याला जमतं त्याने तिथे वेळ वाचवायला शिकायचं.

[पुन्हा पहाट. मुलगा बुटाची नाडी बांधतोय.]

पाच-दहा अजून लांब आहे. अठ्ठावीस सेकंद. भरतीपर्यंत तेवढे सगळे निघतीलच, असं सर म्हणत नाहीत. दम वाढायला जेवढे आठवडे लागायचे तेवढे लागतात, विश्वासाने ते कमी होत नाहीत. काल त्यांनी पहिल्या दिवशीचा तोच कागद पुन्हा भरून घेतला. पाच-चाळीससमोर आता ९० आहे, पाच-तीससमोर ६०. पाच-दहासमोर मुलाने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि २५ लिहिलं.

सरांनी कागद घडी करून वहीत ठेवला. पुढच्या रविवारच्या ओळीत एकच आकडा लिहिला आहे. पहिला राउंड, ८३.